शब्द अडला तरी पान उलटायचं: फ्रेंचमध्ये माँते-क्रिस्तो वाचताना

फ्रेंच शिकताना एक टप्पा असा येतो की पाठ्यपुस्तकातले उतारे सहज वाचता येतात आणि खरं पुस्तक उघडलं की दुसऱ्याच ओळीत पाय अडखळतो. मी त्या टप्प्यावर बराच काळ होते. शब्दांच्या याद्या पाठ करून झाल्या, चिठ्ठ्या करून झाल्या. पाठ झालेले शब्द परीक्षेपुरते टिकायचे आणि मग कुठे जायचे कळायचंही नाही. शेवटी ठरवलं की एकच लांबलचक कादंबरी घ्यायची, शब्दकोश बाजूला ठेवायचा आणि न कळणाऱ्या शब्दांसकट ती शेवटपर्यंत वाचायची. कादंबरी निवडली आलेक्सांद्र द्यूमाची, ‘ल काँत द माँते-क्रिस्तो’.

निवडीमागे कारण होतं. ही कादंबरी 1844 ते 1846 या काळात एका पॅरिसच्या वृत्तपत्रात क्रमशः आली. वाचक मधला एखादा भाग चुकवणार हे गृहीत धरून लिहिलेली असल्यामुळे कोण कोणाचा शत्रू, कोणी कुठलं वचन दिलं होतं, याची आठवण लेखक पुनःपुन्हा करून देतो. प्रकरणं 117 आहेत आणि त्यातला मोठा हिस्सा संवादांचा. संवादात वाक्यं छोटी असतात, आणि एकाचा प्रश्न समजला नाही तर दुसऱ्याच्या उत्तरावरून तो उलगडतो. परक्या भाषेत वाचणाऱ्याला याहून मोठी सवलत नाही. शिवाय गोष्ट इतकी खेचून नेते की शब्द अडला तरी पुढे काय झालं हे कळण्याची घाई असते. ती घाई या पद्धतीत फार कामाची आहे.

सुरू करण्याआधी आमच्या फ्रेंचच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “वाच की, पण आधी पासे सँप्ल पक्का करून घे. नाहीतर ओळखीची क्रियापदंही तुला अनोळखी वाटतील.” पासे सँप्ल म्हणजे फ्रेंचमधला लेखी कथनाचा भूतकाळ. बोलण्यात तो जवळजवळ ऐकू येत नाही, पण जुनी कादंबरी त्यावरच चालते. फ्यू, फी, वी, प्री, प्यू, द्यू अशी एकेका अक्षराची रूपं असतात आणि ती ‘असणे’, ‘करणे’, ‘पाहणे’, ‘घेणे’ अशा अगदी रोजच्या क्रियापदांची असतात. मॅडमचं म्हणणं किती खरं होतं ते पहिल्याच प्रकरणात पटलं. मला अडणाऱ्या शब्दांपैकी पुष्कळसे नवे नव्हतेच, जुनेच वेगळ्या वेषात आलेले होते. सगळी मिळून दोन-तीन पानांची सारणी, पण ती तोंडपाठ केल्यावर प्रत्येक पान निम्म्याने हलकं झालं. आधी अभ्यास करायचाच असेल तर तो एवढाच करावा असं माझं मत आहे. प्रकरणातले कठीण शब्द आधी काढून पाठ करणं म्हणजे गोष्टीतली ओढच घालवणं.

दुसरं काम होतं पुस्तक आपल्या आवाक्यातलं आहे का हे तपासणं. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम या बाबतीत सरळ आकडे देतं. कथा कोणाच्याही मदतीशिवाय नीट कळायला मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. तीनशे शब्दांचं पान धरलं तर सहा. 95 टक्क्यांवर हेच पंधरा होतात, तेव्हा गोष्ट कळते पण दम लागतो. 90 टक्क्यांच्या खाली पानावर तीस-तीस शब्द अंधारात असतात आणि ज्या शब्दांच्या आधाराने अंदाज बांधायचा तेच अनोळखी निघतात. तिथे सहनशीलता कितीही असली तरी उपयोग नाही, सोपं पुस्तक घ्यावं. मी मोजण्यासाठी पहिलं पान मुद्दाम टाळलं. कादंबरी उघडते ती मार्सेय बंदरात शिरणाऱ्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर, आणि तिथे शिडं, दोर, नांगर यांची इतकी नावं येतात की कोणीही घाबरून पुस्तक मिटेल. त्याऐवजी मधल्या दोन-तीन प्रकरणांतलं एकेक पान घेऊन मोजलं. बहुतेक पानं पंधराच्या आतबाहेर होती. दम लागणार होता, पण जमण्यासारखं होतं.

वाचायचा नियम साधा ठेवला. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. प्रकरण संपेपर्यंत शब्दकोशाला हात लावायचा नाही. संपल्यावर ठिपक्यांवरून एकदा नजर फिरवायची, जे शब्द त्या प्रकरणात तीन-चारदा आले आणि तरी धूसर राहिले तेवढेच बघायचे. बाकीचे तसेच सोडायचे. मोबाइलवर किंवा वाचनयंत्रावर वाचणाऱ्यांनी शब्दावर बोट ठेवताच अर्थ दाखवणारी सोय बंद करावी. ती सुरू असली की बोट आपोआप जातं, अर्थ दिसतो आणि वाक्य संपायच्या आत विसरला जातो. अर्थ शोधण्यात डोक्याने काहीच कष्ट घेतलेले नसतात ना.

ही पद्धत आतून कशी चालते ते मला शातो दीफच्या तुरुंगात कळलं. नायक एदमाँ दाँतेस तरुण खलाशी, खोट्या आरोपावरून समुद्रातल्या त्या किल्ल्यात डांबलेला. आठव्या प्रकरणात तो तुरुंगरक्षकाला धमकी देतो की दाराआड लपेन आणि तू आत आलास की या ‘एस्काबो’ने तुझं डोकं फोडीन. एस्काबो म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. डोकं फुटेल इतकी जड वस्तू, एवढं कळलं. ठिपका दिला. थोड्याच ओळींनी तो ती एस्काबो उचलतो आणि डोक्याभोवती गरगर फिरवतो. म्हणजे जड आहे, पण दोन हातांनी उचलता येते. मग रक्षक अधिकाऱ्याला बोलवायचं कबूल करतो, तेव्हा दाँतेस ती खाली ठेवतो आणि तिच्यावर बसतो. स्टूल! लाकडी, बिनपाठीचं, कोठडीत असतं तसं. पुढे शब्दकोशात पाहिलं तर आजच्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा पहिला अर्थ निघाला घरातली छोटी घडीची शिडी. स्टूल हा जुना अर्थ. पहिल्या ठिपक्यालाच शब्दकोश उघडला असता तर कोठडीत शिडी कुठून आली या विचारात अख्खा प्रसंग गेला असता.

त्याच प्रकरणाच्या शेवटी अधिकारी हुकूम सोडतो की कैद्याला एक मजला खाली न्या. त्यावर शिपाई विचारतो, म्हणजे ‘काशो’त? अधिकारी म्हणतो, काशोत, वेड्यांना वेड्यांबरोबरच ठेवायचं. दाँतेसला पंधरा पायऱ्या उतरवून एका दारातून आत ढकलतात. काशोचा अर्थ कोणी सांगितलेला नाही, पण मजला खाली, पायऱ्या पंधरा, वेडे तिथेच, एवढ्या सामग्रीत तळघरातली अंधारकोठडी डोळ्यांसमोर उभी राहते. पुढच्या कित्येक प्रकरणांत हा शब्द इतक्यांदा येतो की तो शिकलो हेही लक्षात राहत नाही.

यापेक्षा ‘क्रूश’चा प्रवास मला जास्त शिकवून गेला, कारण तो टप्प्याटप्प्याने झाला. कैद्याला रोज भाकरी आणि क्रूश मिळते, तेव्हा वाटलं की पाण्याचं काहीतरी भांडं असावं. धातूचं की मातीचं, पेला की घडा, काही सांगता येत नव्हतं आणि गोष्टीला त्याची गरजही नव्हती. मग पंधराव्या प्रकरणात दाँतेसला भिंतीपलीकडून कोणीतरी खणत असल्याचा आवाज येतो. त्यालाही खणायचंय, पण हत्यार नाही. तो क्रूश फरशीवर टाकतो, तिचे तुकडे उडतात आणि तो त्यातले टोकदार तुकडे निवडून गादीत लपवतो. त्या एका वाक्यात भांडं मातीचं झालं, सुरईएवढं झालं, आणि फुटल्यावर धार येण्याइतकं घट्ट भाजलेलंही झालं. मी तो शब्द कधीच पाठ केला नाही आणि आता तो मला विसरता येत नाही, कारण त्याला आकार, आवाज आणि धोका आहे.

त्याच पानांवर ‘म्वालों’ नावाचे दगड आहेत. भिंत त्यांची बनलेली आहे, मध्येमध्ये घडीव दगड बसवले आहेत. म्हणजे हे ओबडधोबड असणार. नेमका कुठला दगड, चुनखडी की आणखी काही, हे मला कादंबरी संपेपर्यंत कळलं नाही. ‘भिंतीतला अनघड दगड’ एवढ्या अर्ध्या अर्थावर माझं सगळं भागलं. इथेच बरेच जण अडकतात असं मला वाटतं. शब्द एकतर येतो किंवा येत नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आधी ‘कसलीतरी वस्तू’, मग ‘एक प्रकारचं भांडं’, मग ‘मातीची सुरई’ असा हळूहळू भरत जातो. अर्धा अर्थ घेऊन पुढे जायची तयारी असली तरच तो भरायला जागा राहते.

या पद्धतीतला खरा धोका मात्र अनोळखी शब्दांचा नाहीच. तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा आहे. अनोळखी शब्द निदान आपण अनोळखी आहोत हे सांगतो. ‘सपांदाँ’ घ्या. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘तरीही’, ‘मात्र’. द्यूमा तो बऱ्याचदा जुन्या अर्थाने वापरतो, ‘दरम्यान’, ‘इकडे हे चाललेलं असताना’. वाचक त्याच्याखाली कधीच ठिपका देणार नाही, कारण त्याला तो येतो. मग परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘तरीही’ असं वाचायचं आणि विरोध कशाला आहे ते शोधत बसायचं. दुसरा असा शब्द ‘देसँ’. एका स्पेलिंगचा अर्थ चित्र, दुसऱ्या स्पेलिंगचा बेत किंवा हेतू, उच्चार दोन्हींचा तोच. सूडाच्या कादंबरीत बेत पानोपानी असतात. चित्र येणारा वाचक घाईत तिथे चित्रच वाचतो. अभ्यासकांनी अशा शब्दांना फसवे पारदर्शक म्हटलं आहे आणि वाचनात सर्वांत जास्त घोटाळा तेच करतात.

ते पकडायची खूण एकच आहे. वाक्यातला प्रत्येक शब्द येतो आणि तरी वाक्य लागत नाही, किंवा लागतं पण पात्र वेड्यासारखं वागतंय असं वाटतं. असं झालं की मी प्रकरण संपायची वाट पाहत नव्हते, तिथेच थांबून शब्दकोश उघडत होते, आणि तोही ओळखीच्या शब्दासाठी. अनोळखी शब्दाला सोडून द्यायचं आणि ओळखीच्या शब्दाला पकडायचं, हा उलटा व्यवहार अंगवळणी पडायला वेळ लागला. पण पडला त्यानंतर वाचनाचा दर्जा एकदम बदलला.

आणखी एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. ठिपके सरळ रेषेत कमी होत नाहीत. तुरुंगाची प्रकरणं संपेपर्यंत माझी पानं बरीच स्वच्छ झाली होती. कुलुपं, दगड, पायऱ्या, अंधार, पहारेकरी हे सगळं घरचं झालं होतं. मग कथा रोमला जाते. नवी पात्रं येतात, खानावळी, घोडागाड्या, कार्निव्हलचे पोशाख, दरोडेखोर, आणि पानं पुन्हा ठिपक्यांनी भरतात. मला वाटलं आपलं फ्रेंच मागे गेलं. तसं नव्हतं, फक्त प्रदेश बदलला होता. प्रत्येक प्रदेशाचं आपलं शब्दांचं कुटुंब असतं आणि लेखक तिथे असेपर्यंत तेच तेच शब्द फिरवतो. पॅरिसला पोहोचल्यावर कर्ज, हुंड्या, रोखे यांची भाषा सुरू होते, पुढे विषप्रयोग येतो तेव्हा औषधांची. दरवेळी आधी चढ, मग सपाटी. मात्र प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा छोटा होता. जोडणारे शब्द, क्रियापदं, मनातल्या हालचाली सांगणारी विशेषणं ही सगळीकडे तीच राहतात आणि ती तोवर पक्की झालेली असतात. एवढ्या लांबीच्या कादंबरीचा फायदा हाच. पातळ पुस्तक सपाटी येईपर्यंत संपून जातं.

किती वेळा भेटल्यावर शब्द टिकतो यावर आना पेलिसेर-सांचेस आणि नॉर्बर्ट श्मिट यांचा 2010 सालचा अभ्यास आहे. मातृभाषा स्पॅनिश असलेल्या, इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांना त्यांनी एक अख्खी आफ्रिकी कादंबरी इंग्रजीतून वाचायला दिली आणि त्यातले इग्बो भाषेचे शब्द किती लक्षात राहिले ते तपासलं. दहापेक्षा जास्त वेळा आलेले शब्द पुष्कळ प्रमाणात टिकले होते. माझा अनुभव त्याच्याशी जुळतो, फक्त एक भर घालावीशी वाटते. दहा वेळा एकाच प्रसंगात भेटलेला शब्द त्या प्रसंगाला चिकटून बसतो. तीन वेगळ्या प्रसंगांत भेटलेला शब्द मोकळा होतो आणि कुठेही ओळखू येतो.

उलट बाजूला एकदाच येणारे शब्द असतात, आणि ते थोडेथोडके नाहीत. कुठल्याही मोठ्या पुस्तकातले वेगवेगळे शब्द मोजले तर त्यातले निम्म्याच्या आसपास फक्त एकदाच आलेले असतात. भाषेची घडणच तशी आहे. त्यांच्यामागे लागणं म्हणजे निम्मी मेहनत पुन्हा न भेटणाऱ्यांवर घालवणं. एकसष्टाव्या प्रकरणाचं शीर्षकच असं आहे की ‘ल्वार’ पीच खातात, त्यांच्यापासून माळ्याची सुटका कशी करायची. ल्वार म्हणजे फळं कुरतडणारा कुठलासा छोटा प्राणी, एवढं शीर्षकातच कळतं. प्रकरणातली खरी घडामोड वेगळीच आहे. काउंट, म्हणजे तुरुंगातून सुटून नाव बदललेला दाँतेसच, मनोऱ्यावरच्या हलत्या दांड्यांच्या खुणांनी संदेश पाठवणाऱ्या त्या माळ्याला पैसे देऊन खोटा संदेश पाठवायला लावतो आणि एका सावकाराचं भलंमोठं नुकसान करतो. तो प्राणी कुठला हे शोधायला उठले असते तर ती चाल हातातून निसटली असती.

कादंबरीतच एक प्रसंग आहे जो मी दोनदा थांबून वाचला. तुरुंगातला विद्वान म्हातारा फारिया दाँतेसला सांगतो की तो आधुनिक ग्रीक शिकतोय. आपल्याला येणाऱ्या शब्दांचा त्याने संग्रह केला आहे, ते तो उलटेपालटे जोडून बघतो. साधारण हजार शब्द आहेत, कोशात लाखभर असतील, पण मनातलं सांगायला एवढे पुरतात, असं तो म्हणतो. ऐकायला ते वाचनाच्या अगदी उलटं वाटतं, आणि तसं ते आहेच. फारिया थोडे शब्द वापरून बोलायची तयारी करतो. मी हजारो शब्द ओळखायची तयारी करत होते. या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि पहिली दुसरीतून आपोआप येत नाही.

ते मला फ्रेंचमध्ये पत्र लिहायला बसल्यावर समजलं. क्रूश समोर आली तर क्षणात ओळखेन, पण स्वतः लिहिताना ती आठवायला वेळ लागतो. लिंगाचं तर वेगळंच. स्वराने सुरू होणाऱ्या नामाआधी फ्रेंचमध्ये निश्चित उपपद आखडतं आणि शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे झाकलं जातं. एस्काबो कितीतरी ओळींत पाहिला, पण तो पुल्लिंगी आहे हे मला मुद्दाम बघावं लागलं. मी मराठीत स्टूल धरून त्याला ‘ती’ म्हणत होते, ‘ते’ म्हणत होते, फ्रेंचला त्याचं काही देणंघेणं नाही. उच्चारांचंही तसंच आहे. म्वालों हा शब्द लिहिलेला पाहून कोणीही ‘मोएलों’ वाचेल, आणि डोळ्यांनी पन्नासदा वाचलेला चुकीचा उच्चार डोक्यात सिमेंटसारखा बसतो. त्यामुळे तुरुंगाची प्रकरणं वाचून झाल्यावर मी त्यांचं ध्वनिवाचन ऐकायला सुरुवात केली. आधी वाचायचं, मग ऐकायचं, या क्रमाने. आधी ऐकलं तर अर्थ लागत नाही, नंतर ऐकलं की उच्चार सरळ होतात आणि तेच शब्द आणखी एकदा भेटतात.

आता द्यूमाचीच दुसरी कादंबरी घेतली आहे. लेखक बदलायचा नाही हे ठरवून केलं. एकाच लेखकाची लकब, त्याची आवडती क्रियापदं, संवादातली त्याची ‘म्हणाला’ची दहा रूपं सगळी हाताशी असतात, त्यामुळे सुरुवातीचा चढ बराच सौम्य होतो आणि अर्धवट भरलेल्या शब्दांना पूर्ण व्हायला पुन्हा संधी मिळते. ठिपके अजून देते. फरक एवढाच केलाय की प्रकरण संपल्यावर बघितलेल्या शब्दांपैकी एकदोन घेऊन त्यांचं स्वतःचं वाक्य लिहिते, उपपदासकट, आणि मॅडमना दाखवते. त्या दुरुस्त करतात ते बहुतेक वेळा उपपदच असतं.